वेतन करार झाला, आता सुपरवायझरच्या हातात काय द्यायचं?

करारावर सह्या होतात, गेटवर गुलाल उडतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीत लाइनवर उभ्या असलेल्या सुपरवायझरला पहिला प्रश्न येतो: "साहेब, बारा हजार वाढले म्हणतात, मग माझ्या हातात नक्की किती येणार?" सुपरवायझरने करार वाचलेला नसतो. वाचायला मिळालाच, तर तो तीसेक पानांचा असतो. त्यात मागणीपत्राचा इतिहास, उत्पादकतेची कलमं, शिस्तीची कलमं, परिशिष्टं आणि मध्येच कुठेतरी पगाराचे आकडे असतात. म्हणून एचआर किंवा टाइम ऑफिसमधल्या कुणीतरी त्याचा एक-दोन पानांचा सारांश करायचा असतो. पगाराच्या कोणत्या घटकात किती बदल, तो कोणत्या तारखेपासून आणि कुणाला लागू, या तीन प्रश्नांची उत्तरं त्यात हवीत. बाकी सगळं मूळ करारात राहू द्यावं.

हे काम कसं होतं ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण पिंपरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात ज्यांनी करार पाहिले आहेत त्यांना त्याची घडण ओळखीची वाटेल. एका इंजिनिअरिंग कारखान्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. मुदत तीन वर्षांची, १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२८. एकूण वाढ १२,००० रुपये. ती ६०:२०:२० अशी विभागलेली, म्हणजे पहिल्या वर्षी ७,२००, दुसऱ्या वर्षी २,४०० आणि तिसऱ्या वर्षी २,४००. फलकावर लागतो तो बारा हजारांचा आकडा. या ऑक्टोबरमध्ये सुपरवायझरने बोलायचं ते फक्त पहिल्या वर्षाच्या ७,२०० बद्दल.

हे ७,२०० फोडून पाहिले की निम्मे गैरसमज जागीच मिटतात. मूळ वेतनात २,४००, स्थिर महागाई भत्त्यात १,२००, घरभाड्यात १,२०० आणि वाहतूक भत्त्यात ६०० अशी वाढ आहे. हे झाले ५,४००. शिवाय हजेरी भत्ता ५०० रुपये, पण अट पूर्ण झाली तरच. उरले १,३००. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या ३,६०० वाढीवर कंपनीने भरायचा १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे ४३२ रुपये, ग्रॅच्युइटीसाठीची तरतूद १७३, वैद्यकीय विम्याचा वाढीव हप्ता २९५ आणि कँटीनमधलं कंपनीचं जादा अनुदान ४०० आहे. हे १,३०० रुपये कंपनीला खरोखर खर्च करावे लागतात, त्यामुळे ते वाढीत धरणं चुकीचं म्हणता येत नाही. वाटाघाटीच्या टेबलावर दोन्ही बाजूंना ते माहीत असतं. पण कामगाराच्या पगार स्लिपवर ते वाढ म्हणून दिसणार नाहीत.

म्हणून सारांशात घटकांचे तीन गट वेगळे दाखवावेत. एक, दर महिन्याला ठरलेले मिळणारे. दोन, अटीवर मिळणारे. तीन, कंपनी परस्पर भरते ते. हातात किती, या प्रश्नाचं उत्तर पहिल्या गटात आहे. ५,४०० मधून कामगाराच्या स्वतःच्या पीएफचे ४३२ जातील. इथे कंपनी प्रत्यक्ष मूळ वेतन अधिक महागाई भत्त्यावर पीएफ कापते असं धरलं आहे. काही कंपन्या १५,००० च्या मर्यादेवरच कापतात, तिथे ज्याचं वेतन आधीच मर्यादेच्या वर आहे त्याची ही वजावट वाढणार नाही. आपल्या उदाहरणात राहिले ४,९६८. प्राप्तिकर ज्याचा त्याचा वेगळा. सुपरवायझरने "साधारण पाच हजारांच्या आसपास" असं सांगितलं तर ते बरोबर ठरेल. "सात हजार दोनशे" सांगितलं, तर नोव्हेंबरच्या सात तारखेला त्याच्या टेबलापाशी गर्दी होईल.

घटकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. करारात कधी कधी जुना विशेष भत्ता मूळ वेतनात विलीन करतात. समजा १,५०० रुपयांचा विशेष भत्ता मूळ वेतनात गेला, तर मूळ वेतन १,५०० ने फुगलेलं दिसतं. पण ती वाढ नसते, पैसे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेलेले असतात. उलट त्यावर पीएफ कापला जाऊ लागला, तर हातातले १८० रुपये कमी होतात. दीर्घकाळात ते कामगाराच्या फायद्याचंच आहे, कारण तेवढेच पैसे कंपनीही त्याच्या खात्यात भरते आणि ग्रॅच्युइटीचा पायाही वाढतो. मात्र सारांशात 'विलीनीकरण' आणि 'वाढ' या वेगळ्या ओळी ठेवल्या नाहीत, तर मूळ वेतनातली वाढ २,४०० ऐवजी ३,९०० वाचली जाईल. त्याच कारणासाठी प्रत्येक ओळीत नुसती वाढ न लिहिता जुनी रक्कम, वाढ आणि नवी रक्कम असं तिन्ही लिहावं. 'घरभाडे १,२००' एवढंच लिहिलं तर ती वाढ की एकूण घरभाडं, हे वाचणारा आपापल्या सोयीने ठरवतो.

आता तारखा. माझ्या मते सगळ्यात जास्त भांडणं तारखांवरून होतात, कारण करारात एकच तारीख असते असं सगळे गृहीत धरतात. कायद्याच्या दृष्टीने करार दोन्ही पक्षांनी ठरवलेल्या तारखेपासून अमलात येतो आणि तशी तारीख ठरवलेली नसेल तर सह्यांच्या तारखेपासून. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये कलम १९ हेच सांगायचं. ही झाली संपूर्ण कराराची तारीख. त्यातल्या प्रत्येक घटकाला स्वतःची तारीख असू शकते आणि बहुधा असतेच. आपल्या उदाहरणात मूळ वेतन, महागाई भत्ता आणि घरभाडं १ एप्रिल २०२५ पासून आहे. वाहतूक भत्ता, हजेरी भत्ता आणि कँटीनचं अनुदान १ नोव्हेंबरपासून. विम्याचं वाढीव संरक्षण १ जानेवारी २०२६ पासून, कारण त्या दिवशी पॉलिसीचं नूतनीकरण होतं. यात लबाडी काही नाही. गेल्या एप्रिलमधली हजेरी आता तपासून भत्ता देणं दोन्ही बाजूंना नको असतं आणि होऊन गेलेल्या महिन्यांचा विमा काढता येत नाही.

सारांशातली मुख्य चौकट मग अशी दिसते:

| घटक | मासिक वाढ | कधीपासून | फरक मिळेल? |
|---|---|---|---|
| मूळ वेतन | २,४०० | १ एप्रिल २०२५ | हो |
| स्थिर महागाई भत्ता | १,२०० | १ एप्रिल २०२५ | हो |
| घरभाडे | १,२०० | १ एप्रिल २०२५ | हो |
| वाहतूक भत्ता | ६०० | १ नोव्हेंबर २०२५ | नाही |
| हजेरी भत्ता, अटीसह | ५०० पर्यंत | १ नोव्हेंबर २०२५ | नाही |

प्रत्यक्षात यात जुनी आणि नवी रक्कम, आणि कराराच्या कलमाचा क्रमांक असे आणखी रकाने हवेत. कलमाचा क्रमांक अजिबात टाळू नये. वाद झाला की सुपरवायझरला मूळ पान उघडून दाखवता आलं पाहिजे. सारांश हा काही करार नव्हे.

शेवटच्या रकान्यातल्या 'फरक' या शब्दावर सगळ्यांचा डोळा असतो. ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरमध्ये नव्या दराने निघणार, म्हणजे फरक एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचा. कामगार शॉपवर बसून ७,२०० गुणिले ६ करतात आणि ४३,२०० म्हणतात. खरा हिशोब एप्रिलपासून लागू असलेल्या तीन घटकांचाच, म्हणजे ४,८०० गुणिले ६, एकूण २८,८००. त्यातून मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या २१,६०० फरकावर १२ टक्के पीएफ, म्हणजे २,५९२ वजा. हातात २६,२०८. ज्याची त्या सहा महिन्यांत एक पूर्ण महिना बिनपगारी झाली असेल, त्याला फरक पाच महिन्यांचाच, २४,०००. हे गणित सारांशात एकदा पूर्ण करून दाखवावं. सुपरवायझर आकडे पाठ करणार नाही, पण रीत त्याच्या लक्षात राहील आणि तो समोरच्याच्या बिनपगारी दिवसांप्रमाणे ती लावू शकेल.

तारखेची भाषाही नीट हवी. 'एप्रिलचा पगार' म्हणजे एप्रिलमध्ये केलेल्या कामाचा की एप्रिलमध्ये हाती पडलेला, यावर दोन माणसांची दोन मतं निघतात. 'एप्रिल २०२५ मध्ये केलेल्या कामापासून' असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

सह्या आणि अंमल यांत सहा महिन्यांचं अंतर म्हणजे तसं थोडंच. कोळसा कामगारांचा अकरावा राष्ट्रीय वेतन करार २० मे २०२३ रोजी झाला आणि लागू झाला १ जुलै २०२१ पासून, जवळजवळ तेवीस महिने मागून. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणींमधल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कामगारांनाही तोच लागू आहे. मधल्या काळात कुणी निवृत्त झालेला असतो, कुणाची बदली, कुणाची बढती झालेली असते. अंतर जितकं मोठं, तितका 'कुणाला' हा प्रश्न अवघड होत जातो.

आपल्या कारखान्यातल्या करारात पात्रतेचं कलम एका वाक्याचं आहे: करार 'कंपनीच्या हजेरीपटावरील कायम कामगारांना' लागू राहील. वाक्य सोपं वाटतं. पण हजेरीपटावर कोणत्या दिवशी? १ एप्रिलला, १४ ऑक्टोबरला की दोन्ही दिवशी? नीट केलेल्या करारात याचं उत्तर पुढच्या एखाद्या उपकलमात किंवा परिशिष्टात असतं. आपल्या उदाहरणात ते असं आहे: मधल्या काळात निवृत्त झालेल्यांना आणि मृतांच्या वारसांना त्या त्या तारखेपर्यंतचा लाभ मिळेल, राजीनामा दिलेल्यांना किंवा काढून टाकलेल्यांना मिळणार नाही, नव्याने कायम झालेल्यांना कायम झाल्याच्या तारखेपासून मिळेल. हे कलम सारांशात जसंच्या तसं उतरवून भागत नाही. माणसं डोळ्यासमोर आणून लिहावं लागतं.

एक जण एप्रिलमध्ये ट्रेनी होता आणि १ जुलैला कायम झाला. त्याला फरक जुलै ते सप्टेंबरचा, तीन महिन्यांचे १४,४००. त्याच्या शेजारी काम करणाऱ्याला २८,८०० मिळतात म्हणून तो सुपरवायझरकडे येणारच. तेव्हा 'कायम झाल्याच्या तारखेपासून' हे शब्द आणि कलमाचा क्रमांक दाखवता आला पाहिजे. कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार आणि ठराविक मुदतीच्या नेमणुकीवरचे कामगार या करारात नाहीत, हेही सरळ लिहावं. त्यांचा उल्लेखच केला नाही तर लोक आशेवर राहतात, आणि सुपरवायझर भिडेपोटी "बघू, विचारतो" म्हणून बसतो.

दुसरा जण २८ वर्षं नोकरी करून ३१ जुलैला निवृत्त झाला. त्याला चार महिन्यांचा फरक, १९,२००. बरेच सारांश इथेच थांबतात आणि मोठी रक्कम निसटते. त्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता एप्रिलपासून ३,६०० ने वाढला, म्हणजे निवृत्तीच्या दिवशीचं त्याचं शेवटचं वेतनही वाढलं. ग्रॅच्युइटी काढतात ती शेवटच्या वेतनाला १५ ने गुणून, २६ ने भागून, नोकरीच्या वर्षांनी गुणून. ३,६०० वर ते होतात सुमारे ५८,१५४ रुपये, फरकाच्या तिपटीच्या आसपास. एकूण ग्रॅच्युइटी २० लाखांच्या कायदेशीर मर्यादेत असेल तर ही रक्कम त्याला मिळायला हवी. तो माणूस आता कारखान्यात येत नाही, फलक वाचत नाही. त्याचा जुना सुपरवायझरच त्याला फोन करून सांगू शकतो, म्हणून ही ओळ सुपरवायझरच्या कागदावर हवीच. शिल्लक रजेचे पैसे जुन्या दराने दिले असतील, तर त्यांच्या फरकाबद्दल करार काय म्हणतो तेही तिथेच लिहावं.

तिसरा स्वतः सुपरवायझर आहे. १ ऑगस्टला त्याला कामगारातून बढती मिळाली. एप्रिल ते जुलै तो कामगार होता, त्यामुळे चार महिन्यांचा फरक त्याचा आहे. ऑगस्टपासून त्याला स्टाफचे नियम. पण बढतीच्या वेळी त्याचा नवा पगार जुन्या कामगार-वेतनावर ठरवला होता आणि ते वेतन आता मागच्या तारखेने वाढलं. मग बढतीचा पगार पुन्हा ठरवायचा का? करारात याचं उत्तर नसतं, कारण युनियनच्या दृष्टीने तो आता त्यांचा सभासद नाही. हा प्रश्न एचआरकडे लेखी पाठवायचा असतो. नाहीतर काही महिन्यांनी असं दिसतं की सुपरवायझरचा पगार त्याच्या हाताखालच्या सिनियर ऑपरेटरपेक्षा कमी आहे.

मुळात सुपरवायझर अशा कराराच्या बाहेर का राहतो? १९४७ च्या कायद्यात पर्यवेक्षणाचं काम करणारा आणि महिना १०,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येत बसत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा १८,००० आहे. मात्र पदाचं नाव सुपरवायझर असलं म्हणून माणूस आपोआप बाहेर जात नाही. न्यायालयं प्रत्यक्ष काम काय ते बघतात. आणि करारात दोन्ही बाजूंनी ठरवलं तर पर्यवेक्षकही आत येऊ शकतात. वर सांगितलेल्या कोळसा करारात ओव्हरमन आणि मायनिंग सरदार आहेतच, त्यांच्या वेगळ्या तांत्रिक-पर्यवेक्षकीय श्रेण्या आहेत. त्यामुळे सारांश करणाऱ्याने पदनामावरून अंदाज न बांधता कराराच्या परिशिष्टातली श्रेणींची यादी उघडावी.

पात्रतेत आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात येतो: "मी त्या युनियनचा नाही, मला मिळेल का?" याचं उत्तर करार कुठे झाला त्यावर आहे. समेट अधिकाऱ्यासमोर समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना बांधतो, पुढे नोकरीला लागणाऱ्यांनाही. कंपनी आणि युनियनने आपसांत केलेला करार मुळात सही करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. अशा वेळी इतरांकडून करार मान्य असल्याचं पत्र घेऊन लाभ देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. करार कोणत्या प्रकारचा आहे, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. सारांशात त्याची एक ओळ पुरते. सुपरवायझरने मात्र पत्र द्यावं की देऊ नये, यावर सल्ला देण्याच्या फंदात पडू नये.

हजेरी भत्त्यावर थोडं थांबलं पाहिजे, कारण तो सुपरवायझरच्याच सहीवर अवलंबून आहे. आपल्या उदाहरणात महिन्यात एकही बिनपगारी गैरहजेरी नसेल तर ५००, एक दिवस असेल तर २५०, त्याहून जास्त असेल तर काही नाही. मग आधी मंजूर करून घेतलेली पगारी रजा गैरहजेरीत धरायची का? कामावर अपघात होऊन ईएसआयची रजा घेतली तर? उशिरा आल्यामुळे अर्धा दिवस कापला गेला तर? कराराने पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर दिलं आहे, धरायची नाही. तिसऱ्यावर करार गप्प आहे. सारांश लिहिणाऱ्याला इथे मोह होतो की स्वतःच काहीतरी तर्कसंगत लिहून टाकावं. तसं केलं, की तो नियम म्हणूनच शॉपवर पसरतो आणि पुढच्या महिन्यात युनियनचे पदाधिकारी विचारतात, हे कुठल्या कलमात आहे? करार गप्प असेल तिथे 'करारात उल्लेख नाही, एचआरकडून खुलासा येईपर्यंत उत्तर देऊ नये' असंच लिहावं.

ओव्हरटाइमचंही तेच. कारखान्यात जादा कामाला साधारण वेतनदराच्या दुप्पट मोबदला द्यावा लागतो. मे महिन्यात केलेल्या ओव्हरटाइमचे पैसे जुन्या दराने दिले गेले आणि दर तर एप्रिलपासून वाढला. त्याचा फरक देय आहे की नाही, हे करारात स्पष्ट लिहिलेलं असलं तर उत्तम. नसलं तर ही ओळ सारांशात रिकामी ठेवून वर दोन्ही बाजूंना दाखवावी. ज्याने महिन्याला चाळीस तास ओव्हरटाइम केला आहे त्याच्यासाठी ही छोटी रक्कम नाही.

काही जण ईएसआयच्या कार्डाबद्दल घाबरून विचारतात. वेतन २१,००० च्या वर गेलं की कार्ड लगेच बंद होतं, असा समज आहे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन योगदान काळ असतात. मध्येच मर्यादा ओलांडली तरी चालू काळ संपेपर्यंत वर्गणीही कापली जाते आणि संरक्षणही राहतं. एवढं वाक्य सारांशात असलं तर बाळंतपण किंवा ऑपरेशन तोंडावर असलेल्या घरांचा जीव भांड्यात पडतो.

कागद वाटण्याआधी एक चाचणी करावी. तीन खऱ्या पगार स्लिपा घ्याव्यात: जुन्या कायम कामगाराची, नुकत्याच कायम झालेल्याची आणि सर्वांत वरच्या श्रेणीतल्याची. नाव झाकून त्या एखाद्या सुपरवायझरला द्याव्यात आणि फक्त सारांश वापरून नोव्हेंबरचा पगार आणि फरक काढायला सांगावं. त्याचं उत्तर आणि पेरोलचं उत्तर जुळलं नाही, तर चूक कोणत्या ओळीत आहे ते लगेच सापडतं. बहुतेक वेळा ती श्रेणीत असते: कलमात सरासरी वाढ लिहिलेली असते आणि श्रेणीनिहाय आकडे परिशिष्टात वेगळे असतात. कलम आणि परिशिष्ट यांचा मेळ बसत नसेल तर तो प्रश्न सही करणाऱ्यांचा. सारांशात एक आकडा निवडून तो सोडवता येत नाही.

या कागदावर तयार केल्याची तारीख हवी, कारण तो पुन्हा लागणार आहे. १ एप्रिल २०२६ ला दुसरे २,४०० येतील आणि त्यांची फोड पहिल्या वर्षासारखी असेलच असं नाही. तिसऱ्या टप्प्याचंही तेच. ३१ मार्च २०२८ ला मुदत संपेल तेव्हा कुणीतरी विचारेल, करार संपला, आता वाढलेला पगार कमी होणार का? होणार नाही. मुदत संपली तरी एखाद्या पक्षाने करार संपवण्याची रीतसर नोटीस देऊन तिचा काळ उलटेपर्यंत करार दोघांनाही बांधतो, आणि त्यानंतरही नवा करार होईपर्यंत पगार त्याच दराने चालू राहतो.